आईबापाची वाटणी

आमच्या घरची वाटणी झाली त्या सकाळी मी ओसरीवर चहाचे कप फिरवत होते. लग्न झालेली लेक वाटणीत पाहुणीच असते. तिच्याकडे चहाचं काम येतं, आणि कुणाच्या कपात साखर कमी पडली तर ती चूकही तिचीच. गावातले जाणते लोक सतरंजीवर बसले होते. शेतातल्या धानाच्या बांध्या वाटून झाल्या, बैलजोडी झाली, विहिरीच्या पाण्याची पाळी ठरली. धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, मोहाचं झाड कुणाकडे जाईल यावर घटकाभर वाद झाला आणि शेवटी ते सामाईक ठेवलं गेलं. मग एकानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "आता बुढाबुढीचं कसं करता?"

थोरल्या भावाला विचार करावा लागला नाही. "बाबा माह्याकडे. वावरात राखणीले माणूस पाह्यजे, डुक्करं लय झाली."

धाकटा म्हणाला, "मंग माय माह्याकडे. लेकरं लहान हायेत, बायकोले एकटीले होत नाई."

झालं. झाडाला लागला त्याच्या अर्ध्यापेक्षाही कमी वेळ आईबापाला लागला. आमच्याकडे अशीच पद्धत आहे. एक म्हातारा इकडे, एक म्हातारी तिकडे. दोघांनाही पोटाला मिळतं, कुणावर जास्त भार पडत नाही, आणि सगळे म्हणतात की वाटणी बरोबर झाली. बाबा खांबाला टेकून बसले होते, आई चुलीपाशी होती. त्या दोघांना कुणी काही विचारलं नाही. मोहाच्या झाडालाही कुणी विचारलं नव्हतं म्हणा.

जुनं घर थोरल्याकडे राहिलं. धाकट्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाला स्लॅबचं घर बांधलं आणि आई तिथे गेली. सुरुवातीला बरं चाललं होतं. संध्याकाळी आई जुन्या घरी यायची, बाबांजवळ बसायची, तंबाखू मळून द्यायची. पण पुढच्याच पावसाळ्यात दोघा भावांचं धुऱ्यावरून वाजलं. कुणी कुणाचा धुरा कोरला ते देव जाणे, मला त्यात पडायचं नाही. बोलणं बंद झालं आणि त्याबरोबर येणंजाणंही बंद झालं. भांडण पोरांचं, पण उंबरठा बंद झाला आईबापाला.

मग ती दोघं मोहाखाली भेटू लागली. झाड सामाईक होतं ना! मोह गळायच्या दिवसांत दोघं पहाटे टोपली घेऊन जायची आणि उन्हं वर येईपर्यंत फुलं वेचायची. टोपल्या अर्ध्याच भरायच्या. सुना कुरकुरायच्या की म्हातारपणी हात चालत नाहीत. हात चांगले चालत होते. मी एकदा माहेरी गेले असताना पाहिलं, दोघं झाडाच्या बुंध्याशी बसून बोलत होती आणि फुलं आजूबाजूला तशीच पडली होती. मोह संपला की मात्र वर्षभर रेशनच्या दुकानासमोर नाहीतर कुणाच्या लग्नात भेट. लग्नात बायका एकीकडे आणि पुरुष एकीकडे बसतात, हे वेगळं सांगायला नको.

असं चालत राहिलं असतं. पण एका पावसाळ्यात बाबांना हिवताप झाला. आईला ते हातपंपावर, दुसऱ्याच बाईकडून कळलं. ती हंडा तिथेच ठेवून जुन्या घरी गेली. थोरली सून दारात उभी राहिली. ती वाईट बाई नाही, पण नवऱ्याला भिणारी आहे. म्हणाली, "बाई, तुम्ही आत आल्या तर हे म्हणतीन धाकट्यानं पाठवलं. मले बोलणं खावं लागन." आई पायरीवर बसली. बाबा आतून खोकत होते. तिनं बाहेरूनच विचारलं, "गोळी घेतली काय?" आतून उत्तर आलं, "घेतली." एवढंच बोलून आई परत गेली. घरी पोचली तर धाकटा वाट पाहत होता. "तिथीच राह्यचं असन तर गाठोडं घेऊन जा. दोन्हीकडचं नाई चालत."

आईनं मला फोन केला. रडली नाही. एवढंच म्हणाली, "मले त्यायच्याजवळ राह्यचं हाय. तू काई करशीन काय?"

मी गडचांदूरला राहते. घराच्या पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या आवाजात बोलून बोलून माझा आवाज तसाही मोठा झाला आहे, आणि त्या दिवशी तो आणखी मोठा झाला. मी दोन्ही भावांना फोन करून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पहिला विचार आला तो सरळ होता: दोघांना इकडेच घेऊन यावं. नवऱ्याचीही ना नव्हती. पण बाबा येणार नव्हते. ते जुन्या वळणाचे. लेकीच्या घरचं खायचं नाही, असं त्यांनी आयुष्यभर पाळलं. माझ्याकडे आले की पिशवीतून धाकट्या नातीला खाऊ आणायचे, अंगणात बाजेवर बसायचे आणि जेवायच्या वेळेला बरोबर बस असायची. पाणी प्यायले तरी निघताना नातीच्या हातात नाणं ठेवायचे. मी चिडले की म्हणायचे, "दिलेल्या लेकीचं खाल्लं तर मंग काय राह्यलं?" फोनवर मी विषय काढला तेव्हाही हेच म्हणाले, खोकत खोकत.

त्याच सुमारास आमच्या गावात विधी सेवा समितीचं शिबिर झालं. मी दळण थांबवून गेले, खरं तर एका गिऱ्हाइकाच्या पोटगीची चौकशी करायला. तिथे एक वकीलबाई आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा समजावत होत्या. आईबापाला, मग त्यांचं वय कितीही असो, स्वतःचं भागत नसेल तर मुलांकडून निर्वाह मागता येतो. त्यासाठी कोर्टात जायचं नाही. उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयात न्यायाधिकरण असतं, तिथे साध्या कागदावर अर्ज द्यायचा. वकील लावायची गरज नाही. मी विचारलं, "दोघांना खायला मिळतं, पण वेगवेगळ्या घरी. मग?" त्या हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाल्या, "अर्ज तर करा. काय पाहिजे ते त्यात स्वच्छ लिहा."

पुढच्या रविवारी मी राजुऱ्याला गाडी बदलून माहेरी गेले आणि आईला आणि ताप उतरलेल्या बाबांना मोहाच्या झाडाखाली बोलावलं. मोहाचे दिवस नव्हते, पण दुसरी जागा कुठली होती? मांडीवर पाटी ठेवून मी दोघांचे वेगवेगळे अर्ज लिहिले. अर्जदाराचं नाव, वय, उत्पन्न नाही, शेत मुलांना वाटून दिलं. गैरअर्जदार म्हणून दोन मुलगे, त्यांचे पत्ते. मागणी: राहायला एक खोली, खाण्यापिण्याचा आणि औषधपाण्याचा खर्च, आणि आम्हां नवराबायकोला एकत्र राहू द्यावं. आईनं साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही केली, एकेक अक्षर दाबून.

बाबा लांब उभे होते. "पोरायवर केस? गाव थुंकन तोंडावर."

"थुंकू द्या," आई म्हणाली. "तुम्हाले नाई करायची तर मी एकटीच देतो."

बाबांनी तोंडातली तंबाखू धुऱ्यावर थुंकली. मग आले आणि स्वतःच्या अर्जावर सही केली. सही करून माझ्याकडे पाहिलंही नाही, मीच गुन्हा केल्यासारखं.

नोटिसा निघाल्या आणि एक गंमत झाली. इतकी वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे माझे दोघे भाऊ एका मोटरसायकलवर बसून कार्यालयात आले. आईबापाला एकत्र आणायला निघाले होते मी, आधी एकत्र आले ते हे दोघे! मला हसावं की काठी घ्यावी ते कळेना.

उपविभागीय अधिकारी, म्हणजे एसडीओ मॅडम, तरुण होत्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, तुमचं म्हणणं काय? धाकटा पुढे झाला. त्याची तयारी पक्की होती. "मॅडम, आमचं म्हणणं एकच. आम्ही दोघंच काऊन? बहीण बी हाय. कायद्यात लेक बी येते. तिले बी यात घ्या."

मी दोन्ही अर्ज स्वतःच्या हातानं लिहिले होते आणि त्यांत मीच नव्हते. चुकून नव्हे, मनातच आलं नव्हतं. आमच्याकडे म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार हा प्रश्न निघाला की लेकीचं नाव निघतच नाही, आणि मीही त्याच गावची. मॅडमनी मान हलवली. बरोबर आहे, म्हणाल्या. मुलगी, मग लग्न झालेली असली तरी, जबाबदार असतेच, आणि ज्यांच्यावर अर्ज आला आहे ते इतरांना यात सामील करून घ्यायला सांगू शकतात. त्यांनी माझं नाव लिहून घेतलं आणि आम्हां सगळ्यांना सुनावणीच्या आधी समेटासाठी नेमलेल्या बाईंकडे पाठवलं. समेट झाला तर त्याप्रमाणे आदेश निघेल, नाही झाला तर रीतसर ऐकून निर्णय देईन, असं म्हणाल्या.

धाकट्याचा डाव मला बाहेर व्हरांड्यात समजला. त्याला माझ्याकडून पैसा नको होता. त्याला बाबा माहीत होते. निर्वाहात लेकीचा वाटा आला की बाबा उठून जातील, अर्ज मागे घेतील आणि प्रकरण तिथेच मिटेल. मी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन शाळेत नेलं होतं. डोकं चांगलं चालायचं त्याचं, पण ते असं माझ्यावरच चालेल असं कधी वाटलं नव्हतं. फार वाईट वाटलं. राग नंतर आला.

समेटाच्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. मागच्या बाजूच्या खोलीत टेबल, पंखा आणि आम्ही पाच जण. त्यांनी आधी भावांना बोलू दिलं.

थोरला म्हणाला, "मॅडम, बाबा माह्याकडे दोन टाइम जेवते. अंगावर कपडा हाय. आजारी पडले तं दवाखान्यात नेतो."

धाकटा म्हणाला, "माय माह्याकडे. आम्ही जे खातो तेच तिले. कुणी हात लावला नाई, कुणी शिवी देली नाई. विचारा तिले."

बाईंनी आईला विचारलं, "जेवण मिळतं?"

"मिळते."

"त्रास देतात?"

"नाई."

"मग तक्रार काय आहे, आजी?"

आईनं पदर सावरला. "मले यायच्याजवळ राह्यचं हाय. बस."

भाऊ एकमेकांकडे पाहून हसले. लाजेचं हसू होतं ते, म्हातारीनं चारचौघांत भलतंच काही बोलल्यासारखं. मला तेव्हा खुर्ची उचलून फेकावीशी वाटली. पण बाई माझ्यापेक्षा शहाण्या. त्यांनी टेबलावरचं पातळ पुस्तक उघडलं, चष्मा लावला आणि शाळेत धडा वाचावा तसं हळू वाचलं: मुलांची जबाबदारी आईवडिलांच्या गरजांपुरती असते, त्यांना सामान्य जीवन जगता यावं इतकी. मग पुस्तक मिटलं.

"तुम्ही दोघं रात्री बायकोपासून गावाच्या दुसऱ्या टोकाला झोपता का?" त्यांनी भावांना विचारलं. "नाही ना? मग यांनी का झोपावं? नवराबायको एका घरात राहतात, हे सामान्यच आहे. नुसतं पोट भरलं म्हणजे जबाबदारी संपली असं नाही."

थोरल्यानं मान खाली घातली. धाकट्यानं नाही घातली. त्यानं आपला शेवटचा पत्ता टाकला. "बराबर हाय. मंग तिघांनी सारखं द्यावं. ताईनं बी. बाबा, चालन ना तुम्हाले?"

बाबा उभे राहिले. "माहा अर्ज मागं घ्या, बाई. लेकीच्या पैशाचं मी खाणार नाई."

धाकटा खिडकीबाहेर पाहू लागला. मी काही बोलायच्या आत आई बोलली. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही.

"यायचा घ्या मागं. माहा राहू द्या. माहा अर्ज येगळा हाय." मग ती बाबांकडे वळली. "लेकीचं खाल्लं तं इज्जत जाते म्हणता. अन् बायको पायरीवर बसून तुमचा ताप इचारते, तवा नाई गेली इज्जत? नऊ महिने पोरायलेच पोटात ठेवलं काय मी? ही लेक कुठून आली मंग?"

बाबा उभेच होते. मी म्हटलं, "बाई, माझं नाव लिहा. भावांचा जेवढा वाटा तेवढाच माझा. कमी नको, जास्तही नको. आणि बाबांना नको असेल तर आईच्या नावावर लिहा, पण लिहा."

बाबा हळूहळू खुर्चीवर बसले. अर्ज मागे घ्यायचं पुन्हा म्हणाले नाहीत. हो असंही म्हणाले नाहीत.

पुढचं बाईंनी सरळ करून घेतलं. खोली कुठली? थोरला स्वतःहून म्हणाला, ओसरीलगतची खतांची पोती ठेवायची खोली रिकामी करतो, चूलही घालून देतो. रक्कम तिघांची सारखी, दर महिन्याला आईच्या बँक खात्यात. दवाखान्याचा मोठा खर्च आला तर तिघांत. आणि दोन्ही घरांतून नातवंडांना त्या खोलीत जायला कुणी अडवायचं नाही, हे आईनं लिहून घ्यायला लावलं. बाईंनी धाकट्याला सांगितलं, आदेश निघाल्यावर पैसे थकवले तर वसुलीचं वॉरंट निघतं, आणि तरीही दिले नाहीत तर तुरुंगही होऊ शकतो. त्यानं सही केली. एसडीओ मॅडमनी त्याप्रमाणे आदेश काढला.

खोलीत राहायला जायच्या दिवशी मी माहेरी गेले. थोरल्या वहिनीनं पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या होत्या. खतांचा वास पूर्ण गेला नव्हता. आईचं गाठोडं आणि बाबांची बाज एवढाच संसार. धाकटा आला नाही. त्याची मुलगी मात्र आली आणि आल्या आल्या बाजेवर उड्या मारू लागली. आईनं बँकेतून काढलेल्या पैशातून तांदूळ, डाळ, मिरची आणली होती. तिघांचेही पैसे जमा झाले होते. धाकट्याचे सगळ्यांत शेवटी, पण झाले होते.

तिनं गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, भात शिजवला, वरण केलं आणि बाबांपुढे ताट ठेवलं. बाबांनी पाण्याचा हात ताटाभोवती फिरवला आणि थांबले. मी दाराशी होते. मला वाटलं, आता उठतात.

त्यांनी भाताकडे बोट केलं. "यातला पोरीचा कोनता?"

आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "तिघायचा एकाच गंजात शिजला. येगळा काढता येत असन तं काढा अन् ठेवा बाजूले."

बाबांनी खरोखरच भात बोटानं थोडा चाचपला. मग पहिला घास घेतला. दुसरा घेतला. माझे डोळे भरून आले. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं नाही. ताट नुसतं माझ्या दिशेनं थोडं पुढे सरकवलं.

"उभी काऊन हायेस?" ते म्हणाले. "वाढ अजून थोडा."

मी आत गेले आणि त्यांना भात वाढला.